येथे क्लिक करा

गेल्या वर्षी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर वाचाही. मला दिसत नाही, आणि आता त्यांना बोलता येत नाही. त्यामुळे फोन आमच्या काहीच कामाचा उरला नाही. मी बोलते, ते ऐकतात, आणि पुढे नुसता त्यांचा श्वास ऐकू येतो. व्हिडिओ कॉल लावून देते म्हणणाऱ्या भाचीला मी म्हटलं, "लाव बाई, दोघांपैकी निदान एकाची तरी करमणूक होईल." जवळ बसलं की मात्र ते डाव्या हाताच्या बोटाने माझ्या तळहातावर अक्षरं काढतात, आणि मला ती कळतात. पण त्यासाठी जवळ असावं लागतं, आणि मी बसने नऊ तासांवर इतिहास शिकवते.

बाबांना माझी आत्या सांभाळते. तिचं वय एकाहत्तर. "मी आहे गं," असं ती म्हणते, पण हल्ली ते म्हणताना तिला धाप लागते.

म्हणून शिक्षण खात्याने विशेष गरज असलेल्यांसाठी बदलीचे अर्ज मागवले, तेव्हा मी त्याच दुपारी स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून बसले. ही संधी तीन वर्षांतून एकदा येते. अर्ज खात्याच्या वेबसाइटवर होता.

माझ्या लॅपटॉपमध्ये स्क्रीन वाचून दाखवणारी एक बाई आहे. पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी काढ म्हटलं की ती काढते. पान भलंमोठं असलं की मी आधी तेच करते, जसं तुम्ही आधी नुसती नजर फिरवता. बाईने यादी वाचली: "येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा." अशा एकतीस लिंका! कशासाठी क्लिक करा, ते एकीतही नाही.

शेजारी चित्रकलेचे सर वह्या तपासत होते. ते म्हणाले, "मॅडम, ही बाई अडकली की काय?"

"बाई ठीक आहे," मी म्हटलं. "खातं अडकलंय."

मग मी पान वरपासून ओळीओळीने ऐकलं. डोळसांना डावीकडे विषय आणि त्याच्यासमोर लिंक दिसत असणार. पण बनवणाऱ्याने दोन वेगळे रकाने केले होते, त्यामुळे मला आधी सगळे विषय ऐकू आले आणि मग सगळ्या लिंका. कुठली कोणाची हे कसं ओळखायचं? मी खात्यात फोन लावला. वेबसाइट सांभाळणाऱ्या लिपिकबाई फोनवर आल्या. आवाज तरुण, वागणं अगदी गोड.

"अय्या, आमच्या लक्षातच नाही आलं हो मॅडम! उद्यापर्यंत खास तुमच्यासाठी करते."

त्या शब्दाला जागल्या, हे मान्य करायला हवं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा यादी काढली. बाई वाचू लागली: "दृष्टिहीनांसाठी येथे क्लिक करा. दृष्टिहीनांसाठी येथे क्लिक करा..."

एकतीस वेळा. आधीपेक्षा वेळ मात्र दुप्पट लागला. चित्रकलेचे सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसू मलाही आलं, पण बाबा आठवले आणि डोकं फिरलं. मी पुन्हा फोन लावला.

"मॅडम, अजून जमत नाहीये का?" लिपिकबाईंचा आवाज पडला होता.

"अहो, मला वेगळी लिंक नकोय. लिंकमध्येच लिहा ना, उघडल्यावर काय मिळणार ते. 'विशेष गरज बदली अर्ज, पीडीएफ'. बस. डोळसांनाही तेच सोयीचं पडेल."

"मला पटतंय हो. पण साहेब म्हणतात, सगळ्या लिंका एकसारख्या दिसायला हव्यात. कालचं बदलायलाच त्यांची सही घ्यावी लागली."

मुदत शुक्रवारी संपत होती. मी मोजायचं ठरवलं. विशेष गरज बदली हा सतरावा विषय, म्हणून सतरावी लिंक. उघडली. उतरलेल्या फाइलचं नाव होतं 'स्कॅन ००४ फायनल'. नावावरून कळलं एवढंच, की ती चौथी आहे आणि कोणीतरी कंटाळलं होतं. मी सरांना स्क्रीनवर बघायला लावलं.

"विशेष गरज बदली अर्ज," त्यांनी मथळा वाचला. "अगदी बरोबर."

सरांच्या मदतीने मी अर्ज भरला, बाबांची कागदपत्रं जोडली, दोनदा ऐकून खात्री केली आणि गुरुवारी पाठवला. आत्याला फोन करून म्हटलं, "जूनपासून तुझी सुट्टी." ती रडली. मला फार अभिमान वाटला होता, कशाला खोटं बोलू?

तीन आठवड्यांनी लिपिकबाईंचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही जुना नमुना भरलात हो. त्या विषयाला दोन लिंका होत्या. पहिली जुन्या अर्जाची, दुसरी सुधारित अर्जाची. दुसऱ्यात पालकाच्या आजारपणाचं जास्तीचं पान आहे."

"आणि दुसरी नवी, हे कशावरून कळायचं?"

"शेजारी लाल रंगात 'नवीन' असं लुकलुकतं."

"अक्षरं आहेत का ती?"

"नाही, चित्र आहे," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच्यामागे वाचून दाखवता येईल असं मी काही लिहिलं नव्हतं."

म्हणजे माझ्या लॅपटॉपमधल्या बाईला ते वाचताच आलं नव्हतं. आणि सरांनी फाइल बघितली होती, पान नव्हतं. मथळा दोन्ही अर्जांवर एकच होता. मी संतापाने काय काय बोलले ते आता आठवत नाही. त्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी म्हटलं, "फाइलला असं नाव द्या हो, की उघडायच्या आधी माणसाला कळेल आत काय आहे. एवढंच."

"लिहून घेतलं," त्या म्हणाल्या. "आणि तुमचा अर्ज मी साहेबांपुढे ठेवते. चूक आमची आहे, असा शेराही मारते. बघू या."

त्या 'बघू या'वर मी बारा दिवस काढले.

तेराव्या दिवशी, मधल्या सुट्टीत, खात्याची ईमेल आली. मजकूर एका ओळीचा होता: सोबत पत्र जोडले आहे. मी त्या ओळीच्या खाली गेले, आणि बाईने जोडलेल्या फाइलचं नाव स्पष्ट, शब्द न् शब्द वाचलं:

"विशेष गरज बदली अर्ज नामंजूर, पुढील संधी तीन वर्षांनी, पीडीएफ."

त्या मुलीने ऐकलं होतं. ती फाइल मी उघडली नाही. उघडायची गरजच उरली नव्हती.

तरी मी वेबसाइटवर गेले. का गेले, माहीत नाही. यादी काढली. एकतीसच्या एकतीस लिंका आता आपापलं नाव सांगत होत्या, आणि दोन्ही अर्जांपुढे 'जुना नमुना', 'सुधारित नमुना' असं लिहिलेलं होतं. दोन्हींच्या शेवटी 'मुदत संपली'. साहेबांची सही बहुतेक मुदत संपल्यावरच मिळाली असावी. सगळं नीट ऐकू आलं, कुठेही अडखळायला झालं नाही.

शाळा सुटल्यावर आत्याला फोन केला आणि सांगून टाकलं. ती मग म्हणाली, "तीन वर्षं ना? होईल गं. मी आहे." आणि तिने फोन बाबांच्या कानाला लावला.

मी म्हटलं, "बाबा, नाही जमलं."

पलीकडून श्वास येत होता. मग काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मागून आत्या ओरडली, "अगं, फोनच्या काचेवर बोट फिरवतोय तो. काहीतरी लिहितोय तुला!"

"काय लिहितायत?"

"मला कुठे कळतंय!" आत्या म्हणाली.