लिंबाखालचं दूध

दिवे लागल्यावर घरातलं विरजण कुणाला देऊ नये, हे माणिकबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या हाडातच होतं. आणि नवी सून रूपाली हिनं मंगळवारी, दिवेलागण होऊन गेल्यावर, शेजारच्या गोदावरीबाईंना वाटीभर विरजण देऊन टाकलं. बुधवारपासून दर्यापूरच्या त्या घरात दही लागेना.

एक दिवस असता तर माणिकबाईंनी हवेला दोष दिला असता. पण तीन दिवस झाले. त्यांच्या भाजीच्या दुकानात वांग्या-मेथीशेजारी दह्याची मडकी असत. लोक दह्यासाठी येत आणि जाताना वांगी नेत. आता सकाळी मडक्यात नुसतं दूध, जसंच्या तसं पातळ. संशयाचं एक बरं असतं, त्याला पुरावा लागत नाही. रूपालीचा हात वाईट, नाहीतर नजर, नाहीतर गुपचूप पाणी ओतत असणार. दह्याची मडकी ठेवायच्या फडताळाला कुलूप लागलं आणि किल्ली सासूच्या कमरेला गेली. मुलगा योगेश "आई, जाऊ दे न" एवढं म्हणून शेताकडे सटकला.

आधीच मेलं घरात दुखणं कमी होतं का? म्हशीच्या एका सडाला सूज आली होती. मंगळवारपासून चार दिवस डॉक्टर येऊन इंजेक्शन देई, सडात औषधाची ट्यूब सोडी, आणि सगळं दूध फेका म्हणे. सगळं? सुजल्या सडाचं दूध माणिकबाई रोज अंगणातल्या कडुलिंबाखाली ओतत. बाकी तीन सडांचं पांढरंशुभ्र दूध ओतायला त्यांना काय वेड लागलं होतं?

शनिवारी दुपारी त्यांनी चांदूर रेल्वेला रूपालीच्या भावाला फोन लावला. "उद्या ये अन् बहिणीले घेऊन जा. माह्या घरचं दही बुडवलं तिनं."

रूपाली रडली नाही. त्यानं माणिकबाईंचा संशय आणखीच वाढला.

"आई, जायाच्या आधी एक करा," ती म्हणाली. "दिवे लागायच्या आत गोदावरीबाईंकडून विरजण आना, मी मंगळवारी दिलेलं तेच त्यांनी वाढवलेलं. एका वाटीत त्यांचं पाकिटाचं दूध, एकीत आपलं. दोन्ही तापवून, कोमट करून, तुमच्या हातानं लावा. मी शिवत नाही. किल्ली तुमच्यापाशीच राहू द्या."

माणिकबाईंनी तसंच केलं. दोन्ही दुधांत बोट बुडवून पाहिलं, सारखंच कोमट. दोन्हीत सारखंच चमचाभर विरजण. कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

सकाळी फडताळ उघडलं तेव्हा गोदावरीबाईही आल्या होत्या. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई, राहवणार कसं? त्यांच्या दुधाचं दही घट्ट लागलं होतं. चमच्यानं कापलं तर फोड उभी राहिली, खाचेत निवळ पाणी साचलं, चव आंबटगोड. घरच्या दुधाच्या वाटीत मात्र नुसतं दूध. माणिकबाईंनी चाटून पाहिलं.

"गोड हाय," त्या पुटपुटल्या. "नासलंबी नाही."

"तेच तर!" गोदावरीबाई म्हणाल्या. "विरजणात बारीक जिवाणू असतात. ते दुधातली साखर खातात आणि तिचं आम्ल करतात. म्हणून गोडी कमी होऊन आंबटपणा येतो, आणि त्या आंबटानं दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून दूध घट्ट होतं. पाणी घातलं असतं तर दही पातळ लागलं असतं, पण आंबट झालं असतं. इथे साखर कोणी खाल्लीच नाही. माणिकबाई, ह्या दुधात जिवाणू मरतायत. म्हशीला जिवाणू मारायचं औषध चालू आहे का?"

माणिकबाईंनी वाटी खाली ठेवली. "एकाच सडात सोडते डॉक्टर. त्याचं दूध मी..."

"इंजेक्शन रक्तातून चारही सडांत जातं हो. ट्यूबमधलं औषधही थोडं पसरतं. तापवून काही ते जात नाही."

तेवढ्यात फाटकाशी रूपालीचा भाऊ येऊन उभा राहिला, हातात बहिणीचे कपडे न्यायला रिकामी पिशवी. लाज अशी चढली की माणिकबाईंना त्याच्याकडे पाहवेना. त्यांनी सकाळचं सगळं दूध उचललं आणि त्याच्यादेखत लिंबाखाली ओतलं.

"चूक माही हाय, बाबू," त्या म्हणाल्या. "तुह्या बहिणीची नाही." मग रूपालीकडे वळल्या. "तुले कसं सुचलं वं हे?"

"मी बुधवारीच तुमाले लिंबाखाली दूध ओतताना पाह्यलं होतं. डॉक्टर सगळं फेका म्हने, तुमी थोडंच ओतलं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

रूपालीनं दह्याची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "मी सांगितलं असतं, तं तुमी खरं मानलं असतं काय?"

माणिकबाईंनी वाटी हातात घेतली. दुसऱ्या हातानं कमरेची किल्ली सोडली आणि रूपालीच्या हातात दिली.