ब्रायोनीचं निवेदन

"लहानपणापासूनच मला पुलांचं आणि इमारतींचं वेड आहे." मिस्टर हॉलरॉइडनी हे वाक्य मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"ब्रायोनी, आज सकाळपासून लहानपणापासून वेड असलेली तू चौथी मुलगी. तुझ्याआधीच्या एकीला दातांचं वेड होतं."

ब्रायोनी ग्रीनवूडने ओठ घट्ट मिटले. निवेदनाचा हा तिसरा मसुदा होता. तिला सिव्हिल इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि गणितात, भौतिकशास्त्रात ती वर्गात वरच्या तिघांत होती. पण विद्यापीठांच्या अर्जासोबत स्वतःविषयी जे पानभर लिहून द्यावं लागतं, ते काही तिच्या हातून उतरत नव्हतं.

"मग काय लिहू सर? वेड नाही म्हणून लिहू?"

"काय केलंस ते लिही. हे बघ, 'माझ्यात नेतृत्वगुण आहेत. मी चिकाटीने काम करते.' कुणी विश्वास ठेवायचा? तुझ्या जागी शेजारच्या हॅलिफॅक्समधल्या कुठल्याही पोरीचं नाव घातलं तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. कुठे दाखवलीस चिकाटी? कशात?"

"कशातच नाही," ती म्हणाली आणि दप्तर उचलून निघाली.

घरी आई, जनीन, बटाटे सोलत होती. मुलीचा चेहरा बघून तिने काही विचारलं नाही, पण गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"पहिल्या ओळीत लीड्स विद्यापीठाचं नाव घाल ना. मला तुमच्याकडेच यायचंय म्हणावं. कौतुक कुणाला नको असतं?"

"आई, तुला किती वेळा सांगितलं? पाच ठिकाणी अर्ज करायचा, आणि पाचही जणांना तेच एक निवेदन जातं. लीड्सचं कौतुक केलं की बाकीचे चार म्हणणार, जा मग तिकडेच."

"बरं बाई. मग त्या जाळीचं लिही."

"जाळीचं नाव काढायचं नाही."

"का नाही? सगळ्या गल्लीसाठी केलंस ते."

"गल्लीसाठी केलं आणि क्रॅबट्रीकाकांच्या तळघरात पाणी घातलं! तेच लिहू? माझी पहिली अभियांत्रिकी कामगिरी, शेजाऱ्याचं घर बुडवलं?"

आईने सोलणं थांबवलं. मग तिने दुसरा बटाटा उचलला आणि ब्रायोनीला त्याचाच जास्त राग आला.

टॉडमॉर्डन या त्यांच्या गावात पाण्याची भीती कुणाला शिकवावी लागत नाही. त्यांच्या घरांमागचा ओढा रस्त्याखालच्या दगडी मोरीत शिरतो. मोरीच्या तोंडाशी उभ्या गजांची जुनी जाळी होती. पाऊस लागला की तिच्यावर पालापाचोळा चिकटायचा आणि पाणी रस्त्यावर चढायचं. गल्लीतल्या लोकांचा पूर-स्वयंसेवकांचा गट होता, आणि गेल्या वर्षी ब्रायोनीने त्यांच्यापुढे एक कल्पना मांडली: जाळी तिरपी केली, तर पाण्याच्या जोराने कचरा वर सरकेल आणि खालून वाट मोकळी राहील. तिने छपराच्या पन्हळीच्या तुकड्यात छोटी जाळी बसवून, परसातली पानं सोडून, नळाखाली प्रयोग केला होता. नगरपालिकेचा माणूस येऊन बघून गेला. परवानगी मिळाली. जाळी बसली.

पहिल्याच वादळात ती तुंबली. पन्हळीत तिने सुकी पानं सोडली होती. ओढ्यातून आली ती भिजलेली, फांद्यांत गुंतलेली, गोधडीसारखी. गज फार जवळजवळ होते. सगळे जण पावसात दाताळ्यांनी कचरा ओढत राहिले, तरी कडेच्या क्रॅबट्रींच्या तळघरात पाणी गेलंच. पुढे तिने भिजल्या पानांनी पुन्हा प्रयोग केला आणि एकाआड एक गज काढायला लावले. त्यानंतरच्या दोन वादळांत मोरी वाहती राहिली. पण क्रॅबट्रींनी तिच्याकडे बघणं सोडलं ते सोडलंच.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात हॉलरॉइड सर स्वतःहून तिच्या बाकाशी आले. "तुझ्या आईचा फोन आला होता. कसली जाळी?"

ब्रायोनीचं डोकंच फिरलं. "तिला काही सांगायची सोय नाही! सर, ते काम फसलं."

"आणि मग?"

"मग दुरुस्त केलं."

"काय चुकलं होतं, कळलं?"

रागाच्या भरात तिने सांगायला सुरुवात केली. सुकं पान आणि ओलं पान, गजांमधलं अंतर, कचरा वर का सरकला नाही. सर खुर्ची ओढून समोर बसले. ती थांबल्यावर म्हणाले, "तीन आठवडे तू मला वेड आणि चिकाटी देत होतीस आणि हे खिशात ठेवून बसली होतीस?"

"पण त्यात क्रॅबट्रीकाकांच्या तळघरात पाणी गेलं. ते वाचतील तर काय म्हणतील?"

"ते कशाला वाचतील? पण एवढं टोचत असेल तर जाऊन विचार."

जाणं जिवावर आलं होतं, तरी ती गेली. क्रॅबट्रींनी दार उघडलं, पण तिला आत बोलावलं नाही. तिने चाचरत सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या बुडालेल्या तळघरावर तू युनिव्हर्सिटीत जाणार," ते म्हणाले.

"तसं नाही, काका..."

"तसंच आहे. चाळीस वर्षांची आगगाडीची मॉडेलं गेली माझी. काही मी शाळेत असताना केलेली." ते दार लावू लागले, मग थांबले. "लिही. पण लोकांचं भलं केलं वगैरे लिहिलंस तर बघ. पाणी शिरलं म्हणून लिही."

त्यांनी दार लावलं. माफ केलं की नाही, हे तिला कळलं नाही.

तिने नवा मसुदा लिहायला घेतला. पहिलं वाक्य फार काळ अडलं नाही: "मी आखलेली जाळी पहिल्याच वादळात तुंबली आणि शेजाऱ्याच्या तळघरात पाणी शिरलं." पुढे सुक्या पानांची चूक, मग ओल्या पानांचा प्रयोग, मग काढलेले गज. त्यातूनच प्रवाहाच्या गणिताकडे ती कशी वळली आणि त्यासाठी काय वाचलं, तेही.

आता अडचण उलटी झाली. मजकूर मर्यादेबाहेर गेला आणि अर्जाची खिडकी लाल अक्षरांत नकार देऊ लागली. नेतृत्व गेलं, शनिवारची दुकानातली नोकरी एका ओळीत आली, नेटबॉल गेला.

"नेटबॉलचा कप काढलास?" आई हळहळली.

"आई, नेटबॉलने मोरी वाहत नाही!"

सरांनी वाचलं आणि एकच स्वल्पविराम हलवला. तिच्याविषयीचं आपलं शिफारसपत्र जोडून त्यांनी अर्ज पाठवून दिला.

वसंतापर्यंत उत्तरं आली. जे विद्यापीठ तिला सर्वांत जास्त हवं होतं, त्याने नकार दिला. तिने कारण विचारलं, तर दोन ओळींचं उत्तर आलं: यंदा अर्ज फार होते.

"एवढंच?" ती सरांवरच ओरडली. "मग एवढं रडवलंत कशाला मला?"

"निवेदन चांगलं असलं तरी जागा मिळेलच असं नसतं," सर म्हणाले. "मलाही राग आलाय. खोटं कशाला सांगू?"

इतर चारपैकी तीन ठिकाणांहून होकार आले. त्यातल्या एकाने आधी मुलाखतीला बोलावलं होतं. तिथल्या प्राध्यापक बाईंनी तिच्या निवेदनाचा कागद पुढे सारून विचारलं होतं, "गज काढल्यावर फांद्या आत गेल्या असतील. मोरी आतून तुंबली तर?"

याचा विचार ब्रायोनीने केलाच नव्हता. मग तिने पेन मागितलं, कागद उलटा केला, आणि दोघी वेळ संपल्यावरही चित्रं काढत बसल्या होत्या.

तिने तिथलाच होकार स्वीकारला. पहिल्या नकाराचा राग मात्र उन्हाळाभर गेला नाही, आणि आईने समजूत घालायला तोंड उघडलं की ती उठून बाहेर जायची.