प्रतिक्षाचं बोर्ड

सणसरहून सर्जेरावतात्यांचा फोन आला, तेव्हा निकिताला मनातून बरं वाटलं. तात्यांच्या उसाला ठिबकातून खत सोडणारं यंत्र बिघडलं होतं, आणि ते चालवणारं इलेक्ट्रॉनिक बोर्ड प्रतिक्षानं केलं होतं. एमआयडीसीजवळच्या त्यांच्या छोट्या दुकानात प्रतिक्षा दिवाळीनंतर कामाला लागली आणि निकिताच्या नवऱ्याच्या, अविराजच्या, तोंडी तेवढंच एक नाव उरलं. प्रतिक्षाचं सोल्डरिंग बघ. प्रतिक्षाचा प्रोग्राम बघ. लग्नाआधीपासून या दुकानात बोर्डं निकितानं केली होती, हे तो साफ विसरला होता. तिची खुर्ची खिडकीशी होती, तीही आता प्रतिक्षाकडं गेली होती. उजेड लागतो म्हणे.

"मीच जाते," निकिता म्हणाली. पिशवीत तिनं मीटर टाकला, जाड-बारीक वायरची बंडलं टाकली आणि स्वतःचं एक जुनं बोर्डही टाकलं. प्रतिक्षाचं काढून आपलं बसवायचं आणि तिचं संध्याकाळी गुपचूप अविराजच्या टेबलावर ठेवायचं, एवढाच बेत होता. स्कूटर त्या दिवशी जरा जास्तच पळाली.

तात्या पेटीपाशीच उभे होते. "खताचा पंप सुरू झाला की ह्याचं डोकं फिरतंय बघ. बंद पडतं, परत पयल्यापासून सुरू. किती खत गेलं ह्याचा पत्ताच न्हाय. जादा खतानं ऊस जाळशील माझा."

निकितानं बटण दाबलं. पंपाची वीज जोडणारा रिले टक् वाजला, पंप घुरघुरला, दिवा विझला, आणि बोर्ड पुन्हा पहिल्या पायरीवर. "प्रोग्रामच कच्चा हाय तात्या," ती गोड आवाजात म्हणाली. बोलताना तिला फार समाधान वाटलं. तिनं आपलं बोर्ड जोडलं आणि ऐटीत बटण दाबलं.

टक्. घुर्र. दिवा विझला.

"ह्याचंबी फिरलं का?" तात्यांनी विचारलं. निकिताचे कान तापले.

मग मात्र तिनं हेवा बाजूला ठेवून मीटर हातात घेतला. बॅटरी लांब विहिरीवरच्या खोलीत होती. तिथं तात्यांना मीटर धरून उभं केलं आणि इकडून पंप सुरू केला. "बाराच्या जरा खाली आलाय, बाकी काय न्हाय," तात्या ओरडले. मग तोच मीटर तिनं बोर्डापाशी लावला. पंप उठताना काटा सहा व्होल्टपर्यंत कोसळला. बोर्डाला बेताची वीज देणाऱ्या रेग्युलेटरला निदान सात तरी लागतात. म्हणजे बॅटरी ठीक होती, व्होल्टेज वाटेत वायरच खात होती. बॅटरीपासून पेटीपर्यंत एकच बारीक जोडी आली होती, आणि तिच्यावरच बोर्डही होतं, पंपही होता. पंपाचा सगळा करंट ज्या वायरनं परत जाई, तीच बोर्डाचीही परतीची वायर, म्हणजे ग्राउंड. पंपानं उठताना हिसका मारला की बोर्ड उपाशी.

आणि ही जोडी ओढली होती अविराजनं. वायर वाचवली होती साहेबांनी.

निकितानं बोर्डासाठी बॅटरीच्या टोकांपासून वेगळी जोडी आणली. पंपाला जाड वायर दिली. दोन्ही फक्त बॅटरीपाशीच भेटतील असं केलं. पंप उठला, तिचं बोर्ड शांत राहिलं. ती हसली. पंप थांबला, आणि बोर्ड रिसेट झालं.

आता हे पंप बंद होताना व्हायला लागलं. तिनं आपलं बोर्ड उलटं करून बघितलं. रिलेच्या कॉइलवर डायोडच नव्हता. कॉइलचा प्रवाह तुटला की ती उलटा झटका मारते, आणि त्याला डायोडची वाट नसली की तो बोर्डात घुसतो. रिले चालवणारा ट्रान्झिस्टर अजून टिकला होता हेच नशीब. प्रतिक्षाच्या बोर्डावर कॉइलला डायोड होता, पंपाच्या टोकांनाही होता, त्यांच्यावरची पट्टी बरोबर प्लसकडं.

डायोड पिशवीत होता. लावला असता तर तिचं बोर्डही चाललं असतं, आणि कुणाला काही कळलं नसतं. तात्या तर पंपाकडंच बघत होते. तिनं डायोड हातात घेतला, बराच वेळ धरला, आणि परत ठेवून दिला. प्रतिक्षाचं बोर्ड जोडलं. पंप उठला, थांबला, पुन्हा उठला. दिवा हलला नाही. तिला याचा राग आला.

तिनं दुकानात फोन लावला. अविराजनं उचलला. "मला ठाऊकच हुतं, प्रतिक्षाच्या बोर्डात खोट असायची न्हाय..."

"वायर तुमी ओढली हुती," निकिता म्हणाली. "तिला द्या फोन."

प्रतिक्षा घाबरत बोलली. "ताई, तुमच्याच जुन्या बोर्डावरनं केलंय मी ते. फकस्त डायोड लावलं. तुमाला विचारणार हुते, पण तुमी बोलतच न्हाय माझ्याशी."

ते खरं होतं, आणि म्हणूनच निकिताला जास्त लागलं.

"उद्यापासनं शेतावरचं काम आपण दोघी बघायचं," ती म्हणाली. "तू माझ्यासंगं स्कूटरवर बसायचं. त्यांना बसू दे एकट्यानं दुकानात."