बाबांच्या फुप्फुसातलं कलिंगड

माझे सासरे देवजी यांनी दोन वर्षांपूर्वी एकवीरा आईसमोर बिडी सोडली, आणि तेव्हापासून आमच्या घरात बिडी ओढली जायची त्यापेक्षा जास्त बोलली जाऊ लागली. सानपाडा गावात कुणाच्या तोंडात बिडी दिसली की बाबा रस्ता ओलांडून जायचे आणि त्याला थांबवून आपली गोष्ट सांगायचे. पस्तीस वर्षांची सवय, एका दिवसात बंद. लोक त्यांना बघून गल्ली बदलायला लागले. शेवटी गावच्या मंडळाने त्यांना 'व्यसनमुक्त ज्येष्ठ' म्हणून शाल द्यायचं ठरवलं आणि चौकात त्यांचा हात जोडलेला बॅनर लागला. फोटोत बाबा आहेत त्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण होते, पण ते असो.

सत्कार रविवारी होता. त्याच्या आदल्या रविवारी बाबांना उलट्या सुरू झाल्या.

खापर फुटलं जिताड्यावर. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई पुतळाबाईंनी, सकाळी ताजा जिताडा मासा आणला होता आणि बाबांनी चार तुकडे खाल्ले होते. आम्हीही तोच जिताडा खाल्ला होता आणि आम्ही ठणठणीत होतो, हे मी दोनदा बोलून दाखवलं. आमच्या घरात सुनेचं म्हणणं ऐकतात, मानत नाहीत. ताप आला, जुलाब लागले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पोटाच्या गोळ्या दिल्या. बुधवारपर्यंत कोरडा खोकला आला आणि बाबा जेवणाच्या ताटावरून उठताना धापा टाकू लागले. गेल्या महिन्याभरात पँट ढिली झाली होती, तिला त्यांनी सुतळी बांधली होती. कोविडमध्ये घेतलेलं ऑक्सिमीटर मी त्यांच्या बोटाला लावलं. सत्त्याऐंशी.

"मशीन जुना हाय," बाबा म्हणाले.

मी ते स्वतःच्या बोटाला लावून दाखवलं. अठ्ठ्याण्णव.

"तू जवान हायस. रविवार होऊदे, मंग जाव."

आईंनी काही ऐकून घेतलं नाही. दंडाला धरून रिक्षात घातलं. छातीत दुखतंय हे बाबांनी रिक्षा खड्ड्यात आपटल्यावर कबूल केलं, तोवर नाही.

हॉस्पिटलात त्यांना नाकाला ऑक्सिजन लागला. एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं, "बिडी, सिगारेट, तंबाखू?" बाबांनी ऑक्सिजनची नळी बाजूला करून आपली पूर्ण गोष्ट सांगितली, एकवीरेच्या पायऱ्यांसकट. त्या मुलाने लिहून घेतलं : सोडली. दुसरं काही विचारावं असं त्याला सुचलं नाही. सत्तरीच्या, गळ्यात सोन्याची साखळी घातलेल्या आगरी माणसाला आणखी काय विचारणार?

दोन दिवस अँटिबायोटिक चालू होती, आणि बाबा सुधारण्याऐवजी खाली चालले होते. नळी जाऊन मास्क आला. शुक्रवारी सकाळी छातीच्या मोठ्या डॉक्टर आल्या, शुभदा मॅडम. माझ्याच वयाच्या असतील, पायात स्पोर्ट्स शूज. स्कॅन उजेडाकडे धरून म्हणाल्या, "दोन्ही फुप्फुसांवर धुकं पसरल्यासारखं दिसतंय. फ्लू नाही, कोविड नाही, थुंकीत टीबी नाही, हृदय ठीक आहे. तुमच्याकडून मला काहीतरी सांगायचं राहिलंय. घरात कबुतरं? नवीन रंगकाम? कसला धूर, कसला वास?"

'वास' म्हटल्याबरोबर आई उभ्या राहिल्या.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "माज्या नवऱ्याचे अंगाला चार महिने कलिंगडाचा वास येतो."

मी म्हटलं, "आई, आत्ता नको."

"आत्ताच. मरायला टेकला हाय, मंग कवा? हिवाळ्यात कलिंगड कनचे घरात असतो? बाईचे केसांचा तेल हाय तो. रोज सांजचे टाकीतला पानी बघतो सांगून गच्चीवर जातो न कलिंगड होऊन खाली येतो."

आईंचा संशय दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरणीवर होता, जी ब्यूटी पार्लर चालवते, हे मला तेव्हा कळलं. त्या बिचारीचं पाणी महिन्यात दोनदा का बंद झालं होतं हेही तेव्हाच कळलं. माझा नवरा दिपेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. शेजारच्या खाटेवरचा पेशंट कुशीवर वळला, आमच्या बाजूला.

शुभदा मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी स्कॅन खाली ठेवला आणि खाटेजवळ गेल्या. "देवजीकाका, तुम्ही वेप ओढता का? ती बॅटरीवरची सिगारेट?"

दिपेश वळला. "मॅडम, त्यांना फोनचा लॉक उघडता येत नाही."

बाबा छताकडे बघत होते. आता सांगते, त्या क्षणी त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला लख्ख दिसलं. समोर दोन दारं होती. एका दारातून गेलं की देवीची शपथ, चौकातला बॅनर, रविवारची शाल, सगळं गेलं. दुसरं दार बायकोने स्वतःच्या हाताने उघडून दिलं होतं.

बाबांनी मास्क उचलला. "बाई हाय," ते म्हणाले.

शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला.

"नाव सांगा," आई म्हणाल्या.

बाबांनी आधीपासून काही ठरवलेलं नव्हतं. ते खूप वेळ शोधत राहिले. "बालाबाय."

"कनची बालाबाय? तुमची मावशी? ती मरून अकरा वर्षां झाली."

"दुसरी," बाबा म्हणाले आणि खोकल्याने वाकले. मॉनिटरवरचा आकडा चौऱ्याऐंशीवर आला आणि टूं टूं वाजायला लागलं. नर्स धावत आली, ऑक्सिजन वाढवला. आकडा नव्वदच्या खालीच लोंबकळत राहिला.

शुभदा मॅडम स्टूल ओढून बसल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "काका, ऐका. दोन हजार एकोणीसला अमेरिकेत धडधाकट माणसं अशीच हॉस्पिटलात आली. आधी उलट्या, जुलाब, ताप, मग खोकला आणि दम. डॉक्टरांनी पोट बघितलं, न्यूमोनिया बघितला, अँटिबायोटिक दिली, उपयोग नाही. अडीच हजारांच्या वर लोक ॲडमिट झाले, साठच्या वर गेले. विचारल्यावर कळलं, सगळे वेप ओढत होते. बहुतेकांनी वेपमध्ये घालायच्या, गांजाच्या अर्काच्या कांड्या घेतल्या होत्या, दुकानाबाहेरच्या माणसांकडून. तेल दाट दिसावं म्हणून त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट घातलेलं. ते पोटात गेलं, कातडीला लावलं तर चालतं. तापवून फुप्फुसात ओढलं तर असं होतं. तपासलेल्या जवळपास सगळ्यांच्या फुप्फुसातल्या पाण्यात ते सापडलं."

"व्हिटॅमिन," बाबा मास्कमधून म्हणाले. एवढंच, पण फार दुखावल्यासारखं.

"यावर स्टेरॉइड देतात. पण आत जंतू असतील तर तेच स्टेरॉइड उलटू शकतं. मला बाकीचं सगळं वगळून मगच हे नाव घेता येतं, आणि वेपशिवाय हे नाव घेताच येत नाही. आपल्याकडे त्यावर बंदी आहे, पण मी पोलीस नाही. मला फक्त खरं हवंय."

बाबा पुन्हा छताकडे बघू लागले. आणि माझं डोकं फिरलं. या माणसाने मला लग्नाच्या पहिल्या वर्षी गाडी चालवायला शिकवली, पाम बीच रोडवर, आईंच्या चोरून. मी दोनदा दुभाजकावर चढवली तरी आवाज चढवला नाही. तो एका शालीपायी माझ्यासमोर निळा पडत होता. मी रडत होते आणि ओरडतही होते. "बाबा, शाल मी घेऊन देते. दहा घेऊन देते. तुम्ही मेलात तर बॅनरवर फक्त हार चढवायचा राहील, हात जोडलेलेच आहेत."

आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बाबांनी डोळे मिटले.

"सोनल," ते मला म्हणाले, "टाकीचे मागं. गनपतीचे लायटिंगचा खोका."

दिपेश स्कूटरवरून गेला आणि पाऊण तासात आला. खोक्यातून गुलाबी रंगाची, लिपस्टिकएवढी वस्तू निघाली, वर कलिंगडाची फोड छापलेली. बिडी सोडली ती असल्याच वस्तूच्या जिवावर; आधीची बिनवासाची होती, कलिंगड चार महिन्यांपासूनचं. शपथ बिडीची होती, बाबांनी खुलासा केला, कलिंगडाची नव्हती. दुसरी वस्तू होती काचेची कांडी, आत मधासारखं दाट तेल, वर ना नाव ना गाव. ती महिन्याभरापासूनची. जासईच्या कंटेनर यार्डाजवळचा एक माणूस गुडघ्यांसाठी देतो, व्हिटॅमिनवाली म्हणून. दुखणं थांबायचं, झोप छान लागायची आणि टाकीतलं पाणी बघताना हसू यायचं.

"हसू येणारच," शुभदा मॅडम म्हणाल्या. "यात गांजा असणार. नक्की काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण आजार तसाच दिसतोय. आणि काका, कलिंगडाच्या वेपलाही मी निर्दोष म्हणत नाही. अमेरिकेत तेव्हा नुसतं निकोटीन ओढणारेही काही आजारी पडले होते. दोन्ही बंद, कायमचं." त्यांनी स्टेरॉइड लिहिलं, अँटिबायोटिक चालूच ठेवली. मग पेन थांबलं. "ही कांडी आणखी कोण ओढतं?"

बाबांचा चेहरा आधीपेक्षाही पडला. कारण दुसरा माणूस नंदकुमार होता. मंडळाचा अध्यक्ष. शाल देणारा.

यावेळी मात्र त्यांनी वेळ घेतला नाही. फोन मागितला, लॉक मी उघडून दिला, आणि मास्क बाजूला धरून, दर तीन शब्दांमागे श्वास घेत ते बोलले. "नंद्या. उलट्या होतात? कवापासून? जिताडा नाय रं, मीपन त्येच बोललो. ताप? जिना चढताना दम? ... रविवारचा फेटा ठेव खाली. रिक्षात बस. आत्ता. आन डाक्टरला खरा सांग, बाई हाय असा सांगू नको, नाव विचारतात."

नंदकुमारकाका तासाभरात आले. ऑक्सिजन एक्क्याण्णव. लवकर आले म्हणून मॅडमनी त्यांचं कौतुक केलं, ते त्यांनी सत्कारासारखं स्वीकारलं. रविवारचा कार्यक्रम सत्कारमूर्ती आणि अध्यक्ष दोघेही ॲडमिट असल्यामुळे रद्द झाला.

बाबांचा आकडा शनिवारी वर सरकला, मंगळवारी मास्क जाऊन पुन्हा नळी आली, आणि पुढच्या आठवड्यात नळीही गेली. घरी सोडताना शुभदा मॅडमनी दोन दिवसांत परत दाखवायला बजावलं, कारण घरी गेल्यावर पुन्हा बिघडलेले लोकही आहेत. स्टेरॉइड मनाने बंद करायचं नाही. दम लागला, ताप आला, तर थांबायचं नाही.

मी कपडे पिशवीत भरत होते. आई खाटेच्या कडेला बसून बाबांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. दहा दिवसांत त्या त्यांच्याशी औषधाशिवाय एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"रागावलीस?" बाबांनी विचारलं. "बाई नव्हती ना. मंग?"

आईंनी शेवटचं बटण लावलं. "बाई असती तं बरा होता," त्या म्हणाल्या. "तिचे दारात गेली असती, झिंज्या धरून तिला मारली असती न तुमाला घरी आनला असता. हितनं वर गेले असते तं मी तुमाला कुठं आनायला जानार होते?"

बाबांनी आईंचा हात धरला, वॉर्डातल्या सगळ्यांसमोर, आणि लहान मुलासारखे रडले. मी पिशवी घेऊन बाहेर गेले.