आकिब झोपत नाही

मी आरमोरीच्या दवाखान्यात नर्स आहे. मंगळवारी आमच्याकडे बाळांची वजनं होतात आणि दर मंगळवारी माझं डोकं फिरतं. बाळांमुळे नाही, त्यांच्या आयांमुळे. कुणाचं बसायला लागलं, कुणाला दात आले, यावरून एकमेकींचा जीव खातात.

त्या दिवशी मदीहा आली, आठ महिन्यांच्या आकिबला घेऊन. नवरा टेलर, हिचं पहिलंच मूल. रात्री जागून जागून डोळे खोल गेलेले.

"सिस्टर, हा झोपतच नाई. दिव्याचा सुरज याच्याच एवढा, पण रातभर झोपते, सकाळीबी उठत नाई. बाकीच्या मैत्रिणींचे लेकरंबी झोपते. याच्या डोक्यात काई खराबी तं नाई ना?"

आकिब वजनकाट्यात बसून माझ्या पेनावर झडप घालत होता.

"दिवसा झोपते का?"

"थोडा. सकाळी, मंग दुपारून."

"मंग तेबी धर की!"

सगळं मिळून बारा तासांच्या आसपास भरलं.

"या वयात दिवसरात्र धरून बारा ते सोळा तास. कोणाले जास्त लागते, कोणाले कमी. याचं वजन वाढून राह्यलं, बसते, हासते, खाते. झोपेत घोरते? श्वास अडकते?"

"नाई."

"मंग पोरगं चांगलं आहे. झोप तुले पाह्यजे. राती एखादबार नवऱ्याले उठव."

ती हसली. मग पर्समधून एक बाटली काढली. "मंग हे देऊ नको म्हणता? दिव्या देते. रोज, झोपायच्या आधी. तिनंच आणून देली."

सर्दीचं औषध होतं, गुंगी आणणारं. एवढ्याशा बाळाला कधीच द्यायचं नसतं. श्वास मंदावू शकतो.

"तिले फोन लाव. आत्ता."

मदीहानं फोन लावून माझ्या हातात दिला. दिव्या खुशीत होती. "सुरज झोपला आहे सिस्टर. आज तं दूध प्यायलेबी नाई उठला. लय गुणी आहे."

ऊन डोक्यावर आलं होतं.

"उठव त्याले! छाती हालते का पाह्य. तळपाय चोळ. फोन ठेवू नको." माझ्या इशाऱ्यावर दवाखान्याचा ड्रायव्हर अँब्युलन्सकडे धावला.

"श्वास घेते सिस्टर... पण उठत नाई." तिचा आवाज फाटला. "सुरज! ए सुरज!"

वीस वर्षं मी लेकरांचं रडणं थांबवत आले. तेव्हा फोनला कान लावून मनात एकच घोकत होते, रड बाबा, रड.

बऱ्याच वेळानं एक बारीक कुरकुर आली. मग जरा मोठी. मग त्यानं भोकाड पसरलं.

"गाडी येऊन राह्यली, त्याले घेऊन दारात उभी राह्य," मी म्हणाले.

पलीकडे दिव्या सवयीनं म्हणायला लागली, "चूप बाळा, चूप..."

मदीहानं माझ्या हातून फोन हिसकावला. आकिबला उराशी धरून ती ओरडली, "दिव्या, रडू दे त्याले!"