मधल्या दाराची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. मला राग आलेला आहे, हे सुरुवातीलाच सांगते. लोखंडाला राग येत नाही असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल, तर ते खोडून टाका.

बाळीवेशीतल्या लोहाराने मला घडवलं आणि सिद्धाप्पांनी मला मधल्या दारावर बसवलं. दाराच्या एका बाजूला त्यांचं स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला भाड्याची खोली. मी खोलीच्या बाजूला होते. भाडेकरूने मला लावलं की तो त्याच्या घरात. माझं काम एवढंच, आणि ते मी चोख केलं.

माझा पहिला भाडेकरू मानसिंग, एक अविवाहित कारकून. सिद्धाप्पांनी त्याला एकच विचारलं, नोकरी कुठं. पुढे तो पिऊन यायचा, मला लावताना चारदा चुकायचा. तरी "एकटा मुलगा हाय, चालायचंच," म्हणून घरात सगळे हसायचे.

तो गेला आणि वच्छला खोली बघायला आली. दारातच तिने सांगून टाकलं, "मी वच्छला माळी. मंगळवेढ्याची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आहे, कायम झालेय. लग्न झालेलं नाही. खोली मला एकटीला पाहिजे."

सिद्धाप्पांनी तिच्या मागे बघितलं. "बरोबर कोण आलंय?"

"पिशवी," ती म्हणाली.

ऑफिसातल्या बायकांनी तिला शिकवून पाठवलं होतं, की मिस्टर पुण्याला असतात म्हणावं, नाहीतर साखरपुडा झालाय म्हणावं. आधी दोन घरांतून नकार आला होता. ती राहत होती कुंभारीला मावशीकडे. शेवटची गाडी गाठायला संध्याकाळच्या ड्यूटीतून लवकर उठावं लागायचं, आणि पुन्हा तसं झालं तर नोकरीवर गदा येणार होती. तरी तिने खोटं सांगितलं नाही. ड्यूटी कधी आठला सुटते, तेही न विचारता सांगितलं.

मग प्रश्नांचा नुसता पाऊस. लग्न का नाही झालं? कुणातल्या तुम्ही? अंडी-मटण? भेटायला कोण येणार? ऑफिसात पुरुष किती? मानसिंगला यातलं काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती नीट उत्तरं देत गेली. वडील महिन्यातून एकदा येतील. अंडी बाहेर खाईन. लग्नाचं मात्र ती म्हणाली, "ते भाड्यात धरू नका."

घरचं मोठं माणूस आणा, असं ठरलं. वडील, जोतीराम, एसटीने आले. सिद्धाप्पांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि वच्छला समोर उभी असताना तिच्याबद्दल सगळं त्यांनाच विचारलं. म्हातारा कप खाली ठेवून म्हणाला, "तिलाच इचारा की. ऱ्हानार ती, भाडं देनार ती. मी चा प्यायला आलोय."

अखेर होकार मिळाला. एक तारखेला ट्रंक घेऊन ये, असं ठरलं.

आणि एक तारखेच्या सकाळीच, ती यायच्या आधी, सुतार आला. त्याने मला उपटलं आणि स्वयंपाकघराच्या बाजूला ठोकलं. खोलीच्या बाजूला उरली नुसती भोकं. कोणीही, केव्हाही, न सांगता आत जावं. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

वच्छलाने ट्रंक उंबऱ्यावरच ठेवली. भोकांवरून बोट फिरवलं. "ही कडी इकडं होती. मी बघून गेले होते."

"लक्ष ठेवायला बरं," सिद्धाप्पा म्हणाले. "बाईमाणूस एकटं. तुझ्याच भल्यासाठी."

"मग मी इथं राहत नाही."

ती निघाली. मावशीकडे परतली तर नोकरी जाणार, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळाने ती बाजारातून परत आली. हातात कागदात गुंडाळलेली नवी कडी आणि स्क्रू. सिद्धाप्पांच्या बायकोकडे, शिवम्माकडे तिने स्क्रू-ड्रायव्हर मागितला. शिवम्माने नवऱ्याकडे न बघता तो आणून दिला.

"दार माझं हाय," सिद्धाप्पा म्हणाले.

"खोली सोडताना कडी तुम्हालाच ठेवून जाईन," स्क्रू पिळत ती म्हणाली. "तुमच्या बाजूची राहू द्या. तुम्हालाही माझी भीती वाटत असेल."

शिवम्मा पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली. ट्रंक आत आली.

त्यानंतर मधल्या दारावर टकटक करायची पद्धत पडली. शिवम्मा भाजीची वाटी घेऊन उभी राहायची, "वच्छला, हायेस का गं?" म्हणायची आणि थांबायची. आधी वच्छलाची नवी कडी निघायची, मग मी.

सिद्धाप्पा मात्र आजही पारावर सांगतात, "भाडेकरीण लई चांगली मिळाली. आमी लक्ष ठेवलं म्हणून."

मला गंज चढलाय, कुणी तेल घालत नाही. नका घालू. पण मित्रांनो, मोठे व्हाल, घरं बांधाल, खोल्या भाड्याने द्याल. एखादी एकटी बाई दारात येऊन नाव सांगेल, नोकरी सांगेल. तेवढं ऐका. तिच्या मागे कोण उभं आहे ते बघू नका. आणि आम्हा कड्यांना तिच्याच बाजूला बसवा.