पाण्याखाली शांत असतं

जगाच्या पोरांना मी पोहायला शिकवते आणि माझी स्वतःची लेक अजून काठावर बसून पाय हलवते. नवरा यावरून चिडवतो, मी हसण्यावारी नेते. खरं कारण सांगायची लाज वाटते. संध्याकाळपर्यंत तिच्यासाठी माझ्यात काही उरतच नाही.

तलावावर पत्र्याचं छत, त्यामुळे एकच किंकाळी चारदा ऐकू येते. बाकीच्या शिक्षकांच्या कानांवरून ती वाहून जाते, माझ्यात साचते. शिट्ट्या, क्लोरीनचा वास, पाण्यावर नाचणारे दिवे, कपाळाला काचणारी टोपी. शिवाय कुठलं पोर घाबरलंय ते त्याच्या आईच्या आधी मला कळतं. म्हणून तर पालक माझ्याच वर्गासाठी हटून बसतात.

परवा स्पर्धा होत्या. दिवसभर लाउडस्पीकर, गच्च भरलेला काठ, हरलेल्यांची रडारड. मी सगळ्यांशी गोड. तिथे मला काही होत नाही. होतं ते घरी आल्यावर. दार उघडलं तर भांड्यांचा आवाज दातांत गेला, ट्यूबलाइट डोळ्यांत टोचली. लेक धावत येऊन कमरेला बिलगली आणि एका दमात शाळेतलं सांगू लागली. शब्द नुसते आदळत होते, अर्थ काही लागेना.

"गप्प बस! आधी हात काढ!"

परक्या पोरांवर दिवसभर आवाज चढवला नाही, तो घरी आणून हिच्यावर काढला.

खोलीत पडदे ओढून, जाड पांघरूण घेऊन पडले. फोनही लांब ठेवला, तोही गोंगाटच. एरवी तासाभरात आवळलेला जबडा सुटतो, छाती सैल होते. या वेळी खूप वेळ लागला, कारण तिचा उतरलेला चेहरा डोळे मिटले तरी दिसत होता.

बाहेर आले तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून टोस्ट पाण्यात भिजवून खात होती.

"अगं, पाण्यात का?"

"कुरकुर वाजतो ना," ती कुजबुजली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याशेजारी बसकण मारली.

"माझा तुझ्यावर राग नसतो गं. दिवसभराचे आवाज माझ्यात इतके भरतात की आणखी एक मावत नाही. थोडा वेळ अंधारात पडले की जागा होते. हे मी ओरडायच्या आधी सांगायला हवं होतं."

"मी गप्प राहिले तर लवकर जागा होईल?"

"ते तुझं काम नाही, बाळा."

रविवारी तलाव उघडायच्या आधी तिला घेऊन गेले. निम्मे दिवे बंद ठेवले. उथळ पाण्यात, कान बुडवून पाठीवर तरंगायला शिकवलं. एरवी दोन वर्गांच्या मधे मी हेच करते, म्हणून दिवस निभावतो. स्पर्धेच्या दिवशी तेवढीही उसंत मिळाली नव्हती.

तिच्या पाठीखालचा हात हळूच काढून घेतला. ती एकटी तरंगली! मग धडपडत उभी राहिली, आनंदाने तोंड उघडलं, आणि लगेच हाताने झाकून माझ्याकडे पाहत राहिली.

"ओरड," मी म्हणाले. "खुशाल ओरड."

ती ओरडली. अगदी हळू.